हे जरा ट्रान्सलेट करून द्या

भाषांतराची बरीच कामं एका ओळीच्या निरोपाने येतात. मजकुराचा फोटो किंवा फॉरवर्ड केलेला मेसेज असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘हे जरा ट्रान्सलेट करून द्या, उद्या हवंय.’ कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत, कोणासाठी, कशासाठी, यातलं काहीच त्यात नसतं. पाठवणाऱ्याच्या मनात ते इतकं स्पष्ट असतं की लिहायची गरजच त्याला वाटत नाही. अशा वेळी काय विचारायचं, किती विचारायचं आणि का विचारायचं, हे एका नमुन्यावरून बघू. हा नमुना मी माझ्याकडे येणाऱ्या अशा कामांवरून बेतलेला आहे. शहरातल्या मराठी माणसाच्या घरापर्यंत पोचलेल्या विषयाचा तो आहे: जुन्या इमारतीचा पुनर्विकास.

मजकूर असा होता:

‘सर्व मेंबर्सना कळवण्यात येते की परवाच्या मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे डेव्हलपरची ऑफर फायनल करायची आहे. आपली बिल्डिंग 40 वर्षं जुनी झाली आहे. सध्याच्या एरियावर 30 टक्के एक्स्ट्रा, शिफ्टिंग आणि रेंट मिळेल. कॉर्पस वेगळा. आपली कन्सेंट रविवारपर्यंत ऑफिसमध्ये द्यावी.’

त्याखाली डेव्हलपरच्या पत्रातला इंग्रजी परिच्छेद जसाच्या तसा चिकटवलेला होता. पाठवणारे सोसायटीचे सेक्रेटरी. मी त्यांना फोन केला.

‘काका, हे मराठीत करायचं आहे की इंग्रजीत?’

‘अहो ताई, मराठीत तर आहेच की ते!’

‘मग इंग्रजीत करू?’

‘नाही नाही, मराठीतच करा. नीट मराठीत.’

हे बोलणं गमतीचं वाटेल, पण काकांचं दोन्ही वेळा बरोबर होतं. या सूचनेतली बहुतेक नामं इंग्रजी आहेत, तरी वाक्यं मराठी आहेत. ‘मेंबर्स’ला ‘ना’ हा मराठी प्रत्यय लागला आहे, ‘मीटिंग’ला ‘मध्ये’ हे मराठी शब्दयोगी अव्यय जोडलं आहे, ‘फायनल’ला ‘करायची’ हे मराठी क्रियापद टेकू देतं आणि ‘ऑफर’ मराठीत येताच स्त्रीलिंगी झाली आहे. दोन भाषा मिसळतात तेव्हा त्यांतली एक वाक्याचा सांगाडा पुरवते आणि दुसरी त्यात शब्द भरते, असं कॅरल मायर्स-स्कॉटन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1993 साली सविस्तर मांडलं. आपल्या रोजच्या सरमिसळीत सांगाडा जवळजवळ नेहमी मराठी असतो. त्यामुळे मजकुराची भाषा ठरवताना इंग्रजी शब्द मोजून उपयोग नाही. क्रियापद आणि प्रत्यय कोणाचे आहेत ते पाहायचं.

यावरून कामाचं स्वरूप लगेच कळतं. अशा मजकुराचं ‘मराठी भाषांतर’ हे खरं तर भाषांतर नाहीच, मराठी वाक्यांतली शब्दकळा बदलण्याचं काम आहे. इंग्रजीत न्यायचं तर मात्र वाक्यरचनेपासून सगळं नव्याने करावं लागतं. चिकटवलेला परिच्छेद याच्या बरोब्बर उलटा: मराठीसाठी तो पूर्ण भाषांतर करून घ्यायचा आणि इंग्रजी प्रतीत त्याच्या एका अक्षरालाही हात लावायचा नाही, कारण ते डेव्हलपरचं मूळ वाक्य आहे. एकाच कागदावर दोन तुकडे आणि त्यांच्या दिशा वेगळ्या. ‘कुठल्या भाषेत?’ हा प्रश्न अख्ख्या कागदाला विचारून भागत नाही, तुकड्यातुकड्याला विचारावा लागतो.

दुसरा प्रश्न मी विचारला तो असा: ‘काका, हे वाचणार कोण? आणि वाचून काय करणार?’

‘भाषा औपचारिक हवी की साधी?’ असं मी मुद्दाम विचारलं नाही. त्यावर बहुतेक लोक ‘चांगली हवी’ एवढंच म्हणतात. पण वाचणारा कोण, हे प्रत्येकाला माहीत असतं. काकांनी एका दमात तीन वाचक सांगितले. तळमजल्यावरच्या आजींना इंग्रजी येत नाही, त्यांना शेजारची मुलगी सूचना वाचून दाखवणार होती. सभेच्या कागदपत्रांसोबत एक प्रत उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जायची होती. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे मालक न्यू जर्सीत होते, त्यांच्या मुलाला मराठी बोललेलं कळतं पण देवनागरी वाचता येत नाही. काकांनी मागितलं होतं एक भाषांतर आणि लागणार होती तीन. हे फोनवरच कळलं म्हणून बरं, नाहीतर कार्यालयाला शोभेल अशी प्रत आजींच्या हातात पडली असती.

आता ‘आपली कन्सेंट रविवारपर्यंत ऑफिसमध्ये द्यावी’ हे एकच वाक्य घ्या. कार्यालयासाठी ते असं होतं: ‘सभासदांनी आपली लेखी संमती रविवारपर्यंत संस्थेच्या कार्यालयात सादर करावी.’ आजींसाठी: ‘तुमची संमती कागदावर लिहून, सही करून रविवारपर्यंत सोसायटीच्या ऑफिसात द्या.’ दुसऱ्या वाक्यात ‘ऑफिस’ राहिलं, कारण आजी स्वतः ऑफिसच म्हणतात. सोसायटीचं कार्यालय म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर लग्नाचा हॉल येईल. वाक्य कानाने ऐकायचं आहे म्हणून ते एका श्वासात संपलं पाहिजे, आणि कृतीचा क्रम, म्हणजे लिहायचं, सही करायची, द्यायचं, घडेल तसाच आला पाहिजे.

दोन्ही वाक्यं बोलीत वेगळी असली तरी अर्थाने एकच हवीत. इथे एक मोह होतो. आजींसाठी लिहिताना ‘तुम्ही तयार असाल तर’ असे शब्द माझ्या बोटांशी आले होते. माणुसकीच्या नात्याने ते बरोबर वाटतात, पण मूळ सूचनेत ‘तर’ नाही. दुसरीकडे ‘द्यावी’ हे मराठी रूपच लवचीक आहे. ‘जेवून जावं’ यात आग्रह असतो, ‘दोन दिवसांत खुलासा करावा’ यात हुकूम असतो. सूचनेतला ‘द्यावी’ यातला कुठला? मराठी प्रतींमध्ये तो प्रश्न झाकून नेता येतो, कारण ‘द्यावी’ तसंच ठेवलं की संपलं. इंग्रजीत मात्र सक्ती आणि विनंती यांना वेगळी क्रियापदं लागतात, त्यामुळे भाषांतरकाराला बाजू घ्यावीच लागते. पुनर्विकासात संमती देणं न देणं हा सभासदाचा अधिकार आहे आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 79अ खाली शासनाने 2019 साली दिलेल्या निर्देशांत किमान 51 टक्के सभासदांच्या संमतीला महत्त्व आहे. न्यू जर्सीतल्या मुलाला हे वाक्य सक्तीचं वाटलं, तर तो वडिलांची सही घाईने मागवेल. म्हणून विचारलं, आणि काकांनी सांगितलं, ‘जे देणार आहेत त्यांनी रविवारपर्यंत द्यावी, असं म्हणायचंय.’ म्हणजे मुदत पक्की, संमती ऐच्छिक. मग मी त्यांना सुचवलं की मूळ सूचनेतच तसं लिहा. ते त्यांनी केलं, आणि त्यानंतर आजींच्या वाक्यात ‘तर’ हक्काने आला. माझ्या दयाळूपणामुळे तो आला असता तर ती चूक ठरली असती.

याच वाक्यातली ‘कन्सेंट’ हीसुद्धा जपून हाताळायची गोष्ट आहे. पुष्कळ जण तिचं ‘ना हरकत’ करून टाकतात, कारण तो शब्द जिभेवर बसलेला आहे. पण हरकत नसणं आणि होकार देणं यांत अंतर आहे. गप्प राहिलेल्या माणसाची हरकत नाही असं म्हणता येईल, त्याने संमती दिली असं म्हणता येणार नाही. टक्के मोजायचे असतात तेव्हा हे अंतर आकड्यांत उतरतं.

‘आपली’ या शब्दाने तर या छोट्या सूचनेत दोनदा दोन वेगळ्या भूमिका केल्या आहेत. ‘आपली बिल्डिंग’ म्हणजे आपणा सगळ्यांची. ‘आपली कन्सेंट’ म्हणजे तुमची, आदराने. मराठी वाचक अडखळतही नाही. इंग्रजीत एका ठिकाणी आमची-तुमची मिळून आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त तुमची, असे दोन वेगळे शब्द लिहावे लागतात. घाईत दोन्हीकडे एकच लिहिला तर ‘आपणा सर्वांची संमती द्यायची आहे’ असा अर्थ होतो, जणू समितीने आधीच ठरवून टाकलं आहे. इंग्रजीतून मराठीत येताना ही अडचण उलटी होते. डेव्हलपरच्या पत्रात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन्हींसाठी एकच इंग्रजी शब्द असतो. बांधकाम सुरू असताना महापालिकेच्या परवानग्या ‘आम्ही’ आणू की ‘आपण’ आणू, यावर खर्च आणि जबाबदारी कोणाची हे ठरतं. पत्राच्या मागच्यापुढच्या वाक्यांवरून कळलं तर ठीक, नाहीतर विचारायचं.

‘परवाच्या मीटिंगमध्ये’ हे आणखी एक ठिकाण. ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. इथे ‘ठरल्याप्रमाणे’मुळे तो मागे गेला आहे हे कळतं. पण मागे म्हणजे नेमका कुठला दिवस? सूचना लिहिली तो दिवस माहीत नसेल तर परवाची तारीख काढता येत नाही, आणि काकांच्या कागदावर तारीख नव्हती. शिवाय बोलण्यात ‘परवा’ म्हणजे चार-सहा दिवसांपूर्वीचाही असतो. कार्यालयाच्या प्रतीत सभेची तारीख लागतेच, म्हणून ती विचारून घेतली. ‘रविवार’ही तसाच. फलकावर लागलेल्या कागदाला तो पुरतो, परदेशी ईमेलने जाणाऱ्या प्रतीत त्याच्यासोबत तारीख हवी, आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात म्हणून महिना अक्षरांत हवा.

एवढं होईपर्यंत ‘कन्सेंट’ सोडला तर एकही पारिभाषिक शब्द आलेला नाही. लोकांना भाषांतरात भीती पारिभाषिक शब्दांची वाटते, पण माझ्या अनुभवात गोंधळ जास्त होतो तो ‘आपला’, ‘परवा’, ‘द्यावी’ अशा बिनमहत्त्वाच्या दिसणाऱ्या शब्दांत. पारिभाषिक शब्द निदान स्वतःहून ओरडून सांगतात की मला कोशात शोधा.

तरीही एक शब्द कोशात शोधूनही फसवतो, आणि या सूचनेत सगळ्यात मोठा धोका तिथेच होता. ‘सध्याच्या एरियावर 30 टक्के एक्स्ट्रा.’ कसला एरिया? फ्लॅटचं क्षेत्र सांगण्याच्या निदान दोन पद्धती प्रचलित आहेत. कार्पेट एरिया म्हणजे ढोबळमानाने भिंतींच्या आत वापरायला मिळणारी जागा. 2016 च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यातून वगळल्या आहेत, आतल्या विभाजक भिंती मात्र धरल्या आहेत. बिल्ट-अप म्हणजे बांधीव क्षेत्र, ते त्याहून मोठं असतं. समजा आजींच्या घराचा कार्पेट एरिया 450 चौरस फूट आहे आणि जुन्या करारनाम्यात बांधीव क्षेत्र 540 लिहिलं आहे. कार्पेटवर 30 टक्के वाढ म्हणजे 135, एकूण 585 चौरस फूट कार्पेट. आजींच्या मुलाने करारनामा उघडून 540 वर हिशोब केला तर उत्तर येतं 702. या उदाहरणात 702 बांधीव आणि 585 कार्पेट ही एकाच घराची दोन मापं आहेत, कारण दोन्ही ठिकाणी प्रमाण तेच राहिलं. पण 702 हा आकडा कार्पेट म्हणून डोक्यात बसला, तर नव्या घराच्या करारात 585 पाहून माणूस म्हणणार, 117 फूट खाल्ले. कोणी फसवलेलं नसताना भांडण उभं राहतं.

चिकटवलेल्या इंग्रजी परिच्छेदाने हा गुंता सोडवला. त्यात सध्याच्या कार्पेट एरियावर 30 टक्के असं स्पष्ट लिहिलं होतं. सूचना लिहिताना काकांनी सवयीने ‘एरिया’ एवढंच म्हटलं. त्याच परिच्छेदात आणखी काही शब्द होते: ‘सक्षम प्राधिकरणाच्या मंजुरीच्या अधीन’. ते सूचनेत गळले होते. ते भाषांतरात गुपचूप भरणं हे माझं काम नाही. सूचना समितीची आहे, माझी नाही. मी काकांना दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून दाखवली आणि सांगितलं की पत्रात अट आहे, सूचनेत नाही, आणि तिन्ही प्रतींमध्ये दोन्ही मजकूर एकाखाली एक येणार असल्यामुळे वाचणाऱ्याला फरक दिसेल. सरमिसळ मजकुरात मराठी भाग हा अनेकदा इंग्रजी भागाचा सैल सारांश असतो. म्हणून भाषांतराला हात घालण्याआधी ते दोन एकमेकांशी ताडून पाहायचे. अर्धे प्रश्न तिथेच सुटतात आणि उरलेले नेमके होतात.

आता ‘कार्पेट एरिया’ला मराठीत काय म्हणायचं? अधिकृत लेखनात ‘चटई क्षेत्र’ म्हणतात. पण इमारतीवर एकूण किती बांधकाम करता येईल ते ठरवणाऱ्या एफएसआयलाही आपण ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतो, आणि तिथल्या मूळ इंग्रजी शब्दात चटईचा मागमूस नाही, तिथे मजल्याची जागा आहे. त्यामुळे पुनर्विकासाच्या कागदात ‘वाढीव चटई क्षेत्र’ असं सुटं लिहिलं की ते फ्लॅटमधली वाढीव जागा असू शकतं किंवा भूखंडावर मिळालेला वाढीव निर्देशांक. पहिली सभासदाची, दुसऱ्यातला मोठा वाटा विकासकाच्या विक्रीचा. एकाच मराठी शब्दात दोघांचे हितसंबंध बसले आहेत! कार्यालयाच्या प्रतीत मी पहिल्या उल्लेखाला ‘सदनिकेचे चटई क्षेत्र, म्हणजेच कार्पेट एरिया’ असं लिहिलं आणि पुढे ‘सदनिकेचे’ हा शब्द कुठेही सोडला नाही. आजींच्या प्रतीत ‘कार्पेट एरिया’च ठेवला आणि एकदा ‘म्हणजे घरातली वापरायची जागा’ असं जोडलं.

इंग्रजी शब्द ठेवायचा की बदलायचा, याचं मोजमाप माझ्यासाठी शुद्धतेचं नाही. हा वाचक तो शब्द उद्या कुठे ऐकणार आहे, हे मी पाहते. आजी सभेत बसतील तेव्हा सगळे ‘कार्पेट’ म्हणणार आहेत. त्यांच्या प्रतीत फक्त ‘चटई क्षेत्र’ असेल तर सभेतलं बोलणं आणि हातातला कागद यांची त्यांना सांगड घालता येणार नाही. उपनिबंधकांच्या फाइलमध्ये ‘विकासक’, ‘ठराव’, ‘गणपूर्ती’, ‘इतिवृत्त’ हेच शब्द पुढच्या-मागच्या कागदांवर असतील, तिथे ‘डेव्हलपर’ आणि ‘मिनिट्स’ खटकतील. 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने काढलेले परिभाषा कोश अशा वेळी फार कामाला येतात, आणि एका फाइलमध्ये एका गोष्टीला एकच शब्द राहतो हा त्यांचा खरा उपयोग. आजींना मात्र ‘गणपूर्ती’ची काही गरज नाही, त्यांना ‘इतके लोक हजर असले तरच सभा’ एवढं पुरे.

हे सगळं मी काकांना प्रश्नावली करून पाठवलं असतं तर त्यांनी ती उघडलीही नसती. ते सेक्रेटरीपद सांभाळून नोकरी करतात. फोनवर मोजकेच प्रश्न विचारले, मुख्य म्हणजे कोण वाचणार आणि वाचून काय करणार. त्यानंतर एकच मेसेज केला. त्यात संमतीच्या वाक्याचे दोन नमुने लिहिले, एक कार्यालयासाठी आणि एक आजींसाठी, आणि ‘ही भाषा चालेल ना?’ एवढंच विचारलं. भाषेचा बाज वर्णन करून कोणाला सांगता येत नाही, पण दोन वाक्यं समोर ठेवली की माणूस क्षणात बोट ठेवतो. बाकीच्या शंका मी ‘असं धरून चालले आहे’ या शब्दांत लिहिल्या: एरिया म्हणजे कार्पेट धरला आहे, इंग्रजी प्रत फक्त माहितीसाठी आहे असं धरलं आहे, चुकत असेल तर कळवा. असं लिहिलं की समोरच्याला फक्त चुकलेल्या ठिकाणीच उत्तर द्यावं लागतं.

‘फक्त माहितीसाठी’ हे मुद्दाम लिहिलं. तीच इंग्रजी प्रत उद्या कुठल्या सरकारी कामाला जोडायची असेल तर कामच बदलतं. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या स्थलांतर खात्याला दिलेल्या परभाषी कागदासोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि ते पूर्ण व अचूक असल्याचं, तसंच आपण हे भाषांतर करण्यास समर्थ असल्याचं भाषांतरकाराला सही करून प्रमाणित करावं लागतं. तिथे शिक्के, हाताने लिहिलेले शेरे, खाडाखोड, काहीही सोडून चालत नाही, आणि ‘आजींना कळेल असं’ हा विचार पूर्ण बाजूला ठेवावा लागतो.

एक प्रश्न असा होता की तो धरून चालण्यासारखा नव्हता: ‘कॉर्पस वेगळा.’ पुनर्विकासात डेव्हलपर कॉर्पस म्हणून जी एकरकमी रक्कम देतो, ती कुठे प्रत्येक सभासदाच्या हातात पडते, तर कुठे संस्थेच्या खात्यात जाते आणि तिच्या व्याजातून वाढलेला मासिक देखभाल खर्च भागवतात. सूचनेत ते नव्हतं, पत्राच्या चिकटवलेल्या तुकड्यातही नव्हतं. अर्थाचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवणारा मराठी शब्द निवडून मी मोकळी होऊ शकले असते, ‘निधी’ म्हटलं की झालं. पण आजींनी तो ऐकून पहिला प्रश्न हाच विचारला असता, की पैसे मला मिळणार का. काकांना विचारलं तर त्यांनाही खात्री नव्हती. ‘मला वाटतं प्रत्येकाला,’ ते म्हणाले, मग थांबले, आणि म्हणाले, ‘पत्र पूर्ण बघून सांगतो.’

तिन्ही प्रतींमध्ये ते वाक्य मी मोकळं ठेवलं, पिवळ्या रंगात. रात्री साडेनऊला त्यांचा मेसेज आला: संस्थेच्या खात्यात, सभासदांच्या नाही. आजींच्या प्रतीत मी लिहिलं, ‘याशिवाय बिल्डर सोसायटीच्या खात्यात एक मोठी रक्कम ठेवणार आहे. ती तुमच्या हातात येणार नाही.’ आणि काकांनी ते वाचून मूळ सूचनेतलं ‘कॉर्पस वेगळा’ काढून तिथे तेच लिहिलं.